काळ्या शेडचं मीठ पॉलिएस्टरच्या माथी

"आमच्या डाइंग युनिटचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीचा महिन्याचा खर्च रंगवलेल्या मालाच्या एकूण किलोंनी भागून आम्ही सगळ्या मालावर सारखा टाकतो. यात बिघडतं काय?"

बिघडतं ते मिठापाशी. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढायला पाण्यात मीठ लागतं. फिक्या शेडला लिटरमागे वीसेक ग्रॅम, काळ्या किंवा नेव्हीला 80 ग्रॅमपर्यंत. ते कापडात राहत नाही, सगळं गटारात येतं. चुन्याने गाळ बसतो, जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ मात्र तसंच पुढे जातं. शेवटी आरओ ते अडवतो आणि उरलेलं खारं पाणी वाफेवर आटवावं लागतं. मोठा पैसा त्या वाफेत जातो. पॉलिएस्टरच्या डिस्पर्स रंगाला हे मीठ लागतच नाही.

मी एका डाइंग युनिटचे हिशेब पाहत असे. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज करून देते. महिन्याला 20 टन गडद सुती, 30 टन फिकं सुती, 50 टन पॉलिएस्टर. ईटीपीचा खर्च 12 लाख, म्हणजे सरसकट किलोला 12 रुपये.

आम्ही खर्चाचे दोन भाग केले. पंप, रसायनं, जिवाणूंच्या टाकीची हवा, गाळ यांचे 5 लाख पाण्यावर वाटले. आरओ आणि आटवणीचे 7 लाख मिठावर. गडद सुतीला किलोमागे 90 लिटर पाणी नि 650 ग्रॅम मीठ, फिक्याला 60 लिटर नि 150 ग्रॅम, पॉलिएस्टरला फक्त 28 लिटर पाणी. हजार लिटरला 100 रुपये आणि मिठाच्या किलोला 40 रुपये असा दर निघाला. गडद सुती 35 रुपयांवर गेलं, पॉलिएस्टर 2 रुपये 80 पैशांवर आलं. फिकं सुती 12 वरच राहिलं, म्हणून तर सरासरी इतकी वर्षं कुणाला खटकली नव्हती! तोवर काळ्याचे जॉब स्वस्त पडतात म्हणून येत राहिले आणि पॉलिएस्टरची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

माहिती गोळा करणं अवघड नाही. मीठ रेसिपी कार्डावर असतंच, पाण्यासाठी प्रत्येक मशीनवर मीटर बसवा. महिनाअखेरीला कार्डांवरची बेरीज स्टोअरमधून निघालेल्या मिठाशी ताडून पाहा. मोठा फरक आला तर कुणीतरी मीठ न मोजता टाकतंय.

ईटीपीचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो आणि त्याचं बिल ट्रक भरून गेल्यावरच येतं. म्हणून गाळ साठतो त्या महिन्यातच वजनावरून तरतूद धरा, नाहीतर ट्रकच्या महिन्यातला माल उगाच महाग दिसतो.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. पॉलिएस्टरच्या पाण्यात मीठ नसलं तरी रंग पसरवून ठेवणारे डिस्पर्सिंग एजंट असतात, त्यामुळे सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, चढतो. फक्त लिटरवर वाटलं तर त्याच्यावर खर्च थोडा कमी पडतो. तुमच्याकडे पॉलिएस्टर जास्त असेल, तर सीओडीचा तिसरा भाग वेगळा काढा.