मिरवणुकीच्या रात्रीची ड्यूटी बदलून घेतली, त्याची गोष्ट

बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे होते, वैशाख शुद्ध द्वितीयेला. चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर निघते आणि ती रात्रभर चालते. यंदा आमच्या गल्लीच्या रथावर माझा मुलगा बाल शिवाजी होणार होता, आणि नेमकी त्याच रात्री माझ्या नाईटच्या आठवड्यातली पहिली नाईट लागली होती. मी इथल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, म्हणजे पेशंटांच्या भाषेत ब्रदर. सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ, अशा आमच्या पाळ्या.

कुणाला विचारायचं हे ठरवण्याआधी मी रोस्टरचा फोटो काढून घरी घेऊन बसलो. बहुतेक जण आधी माणूस शोधतात, मग तारखा बघतात, आणि तिथंच घोळ होतो. मनात पहिलं नाव आलं ते आमच्या वॉर्डात नवीनच लागलेल्या पोराचं. तो लगेच हो म्हणाला असता. पण त्याची त्या दिवशी दुपार होती. त्यानं माझी नाईट घेतली तर दोन वाजता आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुटणार, म्हणजे सलग अठरा तास. पहाटे चारला इंजेक्शनचा डोस मोजताना अशा माणसाचे डोळे किती शाबूत असतात ते मला माहीत आहे. त्याची दुपार मी केली असती तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याची ड्यूटी होतीच. शिवाय तो कुणालाच नाही म्हणत नाही. अशा माणसाचा होकार हा होकार धरता येत नाही, म्हणून त्याचं नाव सोडलं. दुसरा एक जवळचा मित्र होता, पण त्याच्याही गल्लीचा रथ निघणार होता. त्याला विचारून अडचणीत कशाला टाकायचं?

मग अक्कांची ओळ बघितली. अक्का बैलहोंगलकडच्या, माझ्याहून बऱ्याच सीनियर. मिरवणुकीच्या दिवशी त्यांची सकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी ऑफ. त्यांची सकाळ मी केली तर त्या थेट रात्री आठला ताज्या येणार, आणि नाईटनंतर त्यांच्यावर ड्यूटी नाही. हिशोब बसत होता, पण पूर्ण नाही. मी सहा तास देऊन बारा तास घेत होतो, आणि त्यांच्या ऑफची सकाळ झोपेत जाणार होती. अजून एक दुपार द्यायला हवी होती. माझा ऑफ मिरवणुकीच्या आदल्या दिवशी होता, आणि त्या दिवशी त्यांची दुपार होती. ती मी घेतली तर सहा आणि सहा बारा, फिटंफाट. तो दिवस अक्षय तृतीयेचा, म्हणजे बसव जयंती. सरकारी सुट्टी असली तरी दवाखान्याला कुठली सुट्टी? अक्कांना तो दिवस हवाच असेल असं मी गृहीत धरलं नाही. त्यांच्या घरी काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि ‘तुमचा सण आहे म्हणून’ असं म्हणणं म्हणजे आपणच त्यांच्या वतीनं ठरवल्यासारखं झालं असतं.

बायको म्हणाली, “सरळ सांग की पोरगा शिवाजी होतोय. कोण नाही म्हणेल?” मला तेच नको होतं. ते ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस दिवसभर स्वतःला वाईट समजत बसतो. म्हणून फक्त मिरवणूक आहे एवढंच सांगायचं ठरवलं. ते खरं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलं नाही. तिथं सगळ्यांसमोर गप्प बसणाराही अपराधी ठरतो. हँडओव्हर आणि औषधांच्या फेरीच्या वेळीही नाही. तेव्हा माणूस घाईत काहीतरी बोलून टाकतो आणि मग पस्तावतो. दुपारी दोनला सुटताना, अक्का बॅग भरत असताना, दोघंच होतो तेव्हा विचारलं:

“अक्का, एक विचारायचं होतं, उत्तर आत्ता नको. मिरवणुकीच्या रात्री माझी नाईट आहे, ती तुम्हाला घेता येईल का? तुमची त्या दिवशीची सकाळ आणि आदल्या दिवशीची दुपार मी करतो. नाईट अलाउन्स तुमचाच. एक सांगतो, तुमच्या ऑफची सकाळ झोपेत जाईल. नको असेल तर नुसतं नाही म्हणा, कारण सांगायला नको. शुक्रवारपर्यंत कळवलं तरी चालेल. नाही जमलं तर मी ड्यूटीवर येणार आहे, घरचं मेहुणा बघेल.”

शेवटचं वाक्य नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. मेहुण्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. आपली दुसरी सोय झालेली नसेल तर समोरच्याला ते आवाजातून कळतं, मग तोंडानं कितीही ‘काही नाही’ म्हणा.

अक्का म्हणाल्या, “बघते. आमच्या यजमानांना विचारून सांगते.” मी बरं म्हणालो आणि शुक्रवारपर्यंत विषय काढला नाही. अवघड भाग हाच. कँटीनमध्ये रोज समोर बसायचं आणि चेहऱ्यावर प्रश्न आणायचा नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम चहा आणणंही टाळलं. तो त्या आठवड्यात लाच दिसला असता.

गुरुवारीच त्यांचा होकार आला, पण एक अट घालून. ऑफच्या दिवशी संध्याकाळी त्यांना माहेरी जायचं होतं, त्यामुळं सकाळी आठच्या पुढे पाच मिनिटंही थांबणार नाही, म्हणाल्या. सकाळच्या ड्यूटीचा माणूस उशिरा आला तर नाईटवाल्याला अडकून पडावं लागतं, ते खरंच आहे. मग त्या सकाळच्या सिस्टरला मीच विचारून घेतलं, आणि तिनं पावणेआठला यायचं कबूल केलं.

मग कागद. ड्यूटी बदलाचा फॉर्म भरला: दोन्ही तारखा, दोन्ही नावं, दोघांच्या सह्या. इन्चार्ज सिस्टरनी माझ्या ऑफवर बोट ठेवलं. “हा गेला, नंतर भरपाई मागायची नाही.” मी तसं लिहून दिलं. मग त्यांनी भिंतीवरचा रोस्टर लाल पेनानं बदलला. हजेरीच्या कॉम्प्युटरवर बदल झाला का तेही ऑफिसात जाऊन बघितलं, कारण बोटाचा ठसा नव्या पाळीशी जुळला नाही तर महिनाअखेरीस गैरहजेरी लागते. नुसत्या तोंडी अदलाबदलीत कुणीच आलं नाही तर जबाबदार धरतात तो रोस्टरवर नाव असलेला माणूस. शेवटी अक्कांना दोन ओळींचा मेसेज टाकला, कुठली तारीख, कुठली पाळी. त्यांनी होकाराचा अंगठा पाठवला.

मिरवणूक झाली. पोराचा फेटा मध्यरात्रीनंतर दोनदा सुटला, ते वेगळं. नंतर अक्कांना फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, हा तुझा मुलगा? आधी नाही सांगितलंस ते!” मी हसलो फक्त.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला एक दुपार मागितली. त्या दिवशी मी खानापूरला एका लग्नात असणार होतो. “अक्का, त्या दिवशी नाही जमणार,” म्हणालो. “मग दुसऱ्याला विचारते,” म्हणाल्या, आणि लग्न कुणाचं ते विचारू लागल्या.