मावशीच्या ओव्या, चौदा फाइली आणि एक शांतता

माझी मावशी जात्यावरच्या ओव्या म्हणते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरी जाऊन मी त्या रेकॉर्ड केल्या. नंतर त्यांना ढोलकी, झांज, पेटी, बेस आणि सिंथचा एक पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा सूर, जोडून 4 मिनिटं 12 सेकंदांचं गाणं उभं केलं. पुण्यातल्या माझ्या एका मित्राला त्याचं रिमिक्स करायचं होतं. तो म्हणाला, "स्टेम्स पाठव, बाकी मी बघतो."

मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. गाणं फाइलमध्ये काढायच्या, म्हणजे रेंडरच्या खिडकीत `Selected media items` हा पर्याय दिसला. प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल म्हणजेच स्टेम्स, असं समजून मी तो निवडला. एक्केचाळीस फाइली तयार झाल्या. बऱ्याच फाइलींची नावं रेकॉर्डिंगच्या वेळी सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली, म्हणजे नुसती तारीख आणि वेळ. उरलेल्यांना मी देवनागरीत नावं दिली होती. सगळ्यांची झिप करून पाठवली.

रात्री मित्राचा फोन आला. "अरे, यातलं काय कुठे ठेवायचं? मावशींचा आवाज फाइल उघडल्या उघडल्या सुरू होतो. गाण्यात तो कुठे येतो?" गाण्यात तो 31व्या सेकंदाला येतो, पण फाइल नेमकी आवाजापासूनच कापलेली असल्यामुळे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. त्याने अंदाजाने मांडून पाहिलं होतं. झांज आणि ढोलकी यांच्यात वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक राहिला तरी एकच ठोका दुहेरी ऐकू येतो, आणि तसंच झालं होतं. त्यात झिप उघडल्यावर देवनागरी नावांच्या जागी त्याला नुसती चिन्हं दिसत होती. त्याने दोन तास एकेक फाइल ऐकून कागदावर यादी केली होती. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

मग मी ठरवलं की सगळं पहिल्यापासून करायचं. सुरुवात त्याला नेमकं काय हवं हे विचारण्यापासून केली. मास्टरिंग ज्या ताई करणार होत्या त्यांनाही फोन केला. दोघांची उत्तरं अगदी वेगळी आली. ताई म्हणाल्या, "मला फक्त चार द्या. आवाज, ताल, सुरांची वाद्यं आणि बेस. तुमचे इफेक्ट असू देत, तुमचं मिक्स मला मोडायचं नाही." खरं तर स्टेम म्हणजे हेच, एका गटाचं एकत्र मिक्स. मित्राला मात्र प्रत्येक वाद्य सुटं हवं होतं आणि मावशीचा आवाज कोरा, रिव्हर्बशिवाय, म्हणजे घुमाऱ्याशिवाय. त्याला लोक मल्टिट्रॅक म्हणतात, पण बोलताना दोन्हींना स्टेम्सच म्हटलं जातं. त्यामुळे हा फोन आधी करणं भाग आहे.

वेळेचा घोळ सोडवणं सोपं होतं. सगळ्या फाइली गाण्याच्या शून्यापासून सुरू आणि एकाच ठिकाणी संपलेल्या हव्यात. झांज शेवटच्या मिनिटातच वाजत असेल, तर तिच्या फाइलमध्ये आधी तीन मिनिटं शांतता असली तरी चालेल. समोरचा माणूस सगळ्या फाइली एकदम ओढून शून्यावर सोडतो आणि गाणं जागच्या जागी बसतं. रीपरमध्ये त्यासाठी हवे ते ट्रॅक निवडायचे, `Stems (selected tracks)` घ्यायचं आणि हद्द `Entire project` ठेवायची. शेवटी रिव्हर्बची शेपूट तुटू नये म्हणून थोडा टेल द्यायचा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट अशी एक स्टिरिओ फाइल सुमारे 73 एमबीची झाली. आवाज, बेस आणि ढोलकीच्या दोन्ही पुड्या एकेका माइकवर घेतलेल्या असल्यामुळे त्या मोनोत काढल्या, त्यांचा आकार अर्धा. नॉर्मलाइज बंद ठेवलं. ते चालू असतं तर हळू वाजणारी पेटी आणि जोरात वाजणारी ढोलकी एकाच पातळीवर येऊन माझा सगळा तोल गेला असता.

खरी अडचण पॅडने आणली. गाण्यात ढोलकीचा प्रत्येक खर्जाचा ठोका पडला की पॅड किंचित दबतो आणि परत वर येतो. मावशीच्या जात्याच्या फेऱ्यांसारखी लय त्यातूनच येते. हे साइडचेनमुळे घडतं, पॅडचा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर ढोलकी ऐकून काम करतो. आधी पॅडची फाइल मी बाकीचे ट्रॅक म्यूट करून काढली होती. ढोलकी म्यूट केल्यावर कॉम्प्रेसरला ऐकायला काही उरलं नाही, आणि पॅड सपाट आला. एकटा ऐकताना तो छानच वाटत होता, त्यामुळे चूक कानाला कळली नाही. म्यूट न करता ट्रॅक निवडून रेंडर केल्यावर दबणं परत आलं. मित्राला कदाचित स्वतःचा किक ड्रम लावायचा असेल, म्हणून दबणारा आणि न दबणारा असे दोन्ही पॅड वेगळे दिले.

रिव्हर्बचंही तसंच. माझ्याकडे एकच रिव्हर्ब ट्रॅक होता आणि आवाज, पेटी, झांज तिघेही त्यात जात होते. तो तसाच काढला असता तर मावशीचा आणि झांजेचा घुमारा कायमचा एकत्र अडकला असता. म्हणून त्या ट्रॅकची प्रत केली, मावशीचा आवाज मूळ ट्रॅकमधून काढून तेवढाच तिच्यात सोडला आणि ती वेगळी फाइल केली.

सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र होतात त्या मास्टर ट्रॅकवर माझा कॉम्प्रेसर आणि लिमिटर होता. लिमिटर सगळ्या वाद्यांची बेरीज पाहून दाबतो. एकटी झांज त्यातून गेली तर तो तिला हातही लावणार नाही, आणि मग सगळ्या फाइली परत एकत्र केल्या तरी मूळ गाणं तयार होणार नाही. म्हणून स्टेम्स मास्टरमधून जाऊ द्यायचे नाहीत. सोबत पूर्ण गाण्याच्या दोन फाइली दिल्या. एक मास्टरवरचे इफेक्ट बंद करून काढलेली आणि दुसरी चालू ठेवून, माझ्या मनात काय आहे ते कळावं म्हणून.

यानंतर जे केलं ते आता मी कधीच चुकवत नाही. नवं कोरं प्रोजेक्ट उघडलं आणि पाठवायच्या सगळ्या फाइली शून्यावर ठेवल्या. एकच वस्तू दोनदा मोजली जाऊ नये म्हणून न दबणारा पॅड बाहेर ठेवला. सगळे फेडर 0 वर. मग मास्टर इफेक्ट नसलेलं पूर्ण गाणं एका ट्रॅकवर घेऊन त्याचा फेज उलटा केला, रीपरमध्ये ट्रॅकवरचं `Ø` बटण दाबून. सुटे तुकडे आणि पूर्ण गाणं तंतोतंत एक असतील तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि काहीच ऐकू येत नाही. जे ऐकू येतं तो फरक.

मी प्ले केलं. तीन मिनिटं हेडफोनमध्ये पॅडची हलकी सरसर, आणि मग अचानक शेवटच्या मिनिटात एकटी झांज, स्वच्छ आणि डावीकडे. मी दोन झांजा रेकॉर्ड केल्या होत्या आणि रेंडर करताना दुसरी निवडायची राहिली होती. नुसतं ऐकून ती उणीव मला कधीच कळली नसती. पॅडच्या सरसरीचं कारण वेगळं होतं. त्या सिंथमधलं डोलणं प्रत्येक वेळी प्ले केल्यावर वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतं, त्यामुळे दोन रेंडर कधीच सारखे येत नाहीत. पॅड आधी ऑडिओत पक्का केला, झांज जोडली, सगळं पुन्हा रेंडर केलं. या वेळी 4 मिनिटं 12 सेकंद नुसती शांतता. मीटरही हलला नाही. (रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन असेल तर थोडी सरसर उरतेच, तिला घाबरायचं कारण नाही.)

नावांवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. आधी ढोलकीच्या दोन पुड्यांना डावी-उजवी म्हणून `Dholki_L` आणि `Dholki_R` असं लिहिलं होतं. मित्राने साहजिकच ती स्टिरिओ जोडी समजून एक पुडी एका कानात आणि दुसरी दुसऱ्या कानात टाकली असती. म्हणून खर्जाची आणि वरच्या सुराची असा फरक नावात आणला. आकडे दोन अंकी ठेवले, नाहीतर काही ठिकाणी 10 हा 2च्या आधी येऊन बसतो. देवनागरीऐवजी रोमन अक्षरं घेतली आणि मोकळ्या जागांऐवजी अधोरेषा. ही नावं ट्रॅकनाच दिली आणि रेंडरच्या खिडकीत फाइलच्या नावासाठी फक्त `$track` लिहिलं, पूर्ण मिक्सचं नाव तेवढं हाताने. त्यातल्या काही फाइली अशा:

```
00_RoughMix_NoMaster_St.wav
01_Vox_Maushi_Dry_Mono.wav
02_Vox_Maushi_Reverb_St.wav
05_Dholki_Low_Mono.wav
06_Dholki_High_Mono.wav
11_Pad_Duck_St.wav
12_Pad_NoDuck_St.wav
```

`Final` हा शब्द कुठेच ठेवला नाही. आवृत्ती फोल्डरच्या नावात, `v2` म्हणून.

फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइलही ठेवली. मावशीची पट्टी काळी एक. आमच्याकडे एवढं म्हटलं की पेटीवाला बोटं ठेवतो, पण मित्र गिटारवर वाढलेला, म्हणून "सा = C#" असं लिहिलं. चाल भीमपलासीच्या अंगाने जाते, म्हणून कोमल ग आणि कोमल नी, म्हणजे E आणि B, हेही लिहिलं. नाहीतर त्याने मेजर कॉर्ड लावला असता आणि तो मावशीच्या गंधाराशी भांडला असता. आणखी एक गोष्ट लिहिली, कारण ती मला स्वतःला उशिरा सापडली होती. आमची जुनी पेटी 440च्या मापापेक्षा साधारण 15 सेंट चढी आहे आणि मावशी तिच्याच सुरात गायली आहे. त्याने आपला सिंथ तेवढा चढवला नाही, तर सगळं किंचित बेसूर लागेल आणि का लागतंय ते कळणार नाही. लय मिनिटाला 76 ठोक्यांवर सुरू होऊन शेवटी 88 पर्यंत जाते, म्हणून तो चढ असलेली मिडी फाइल सोबत जोडली.

चौदा फाइली, दोन पूर्ण मिक्स, मिडी आणि टिपण एवढं मित्राला गेलं. ताईंना त्यांचे चार स्टेम आणि मास्टर इफेक्ट नसलेलं मिक्स. तेही आधी फेज उलटवून तपासलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्राचा फोन आला. फाइलींबद्दल एक शब्दही नाही. त्याने विचारलं, "मावशी दुसऱ्या ओवीत 'दळीते' म्हणतात की 'गाते'? मला तिथे बाकी सगळं थांबवून फक्त त्यांचा आवाज ठेवायचाय." मी मावशीला फोन लावला.