कर्णधाराच्या हातातल्या तीन ओळी

"सर, चार-चार सामन्यांचे आकडे काढता, रात्र रात्र व्हिडिओ बघता, आणि कर्णधाराला देता तीन ओळींची चिठ्ठी. मग बाकीच्या आकड्यांचं करता काय?"

पालक विचारतात, जुने खेळाडू विचारतात, परवा कळव्याच्या एका कबड्डी स्पर्धेत गुणलेखकाच्या टेबलावरूनही हाच प्रश्न आला. विचारण्यात थोडा आरोप असतो, की आकडे म्हणजे मिरवण्याची गोष्ट आहे आणि शेवटी सर मनातलंच लिहितात. तसं नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कर्णधाराला मैदानात विचार करायला किती वेळ असतो ते आधी बघा. समोरची चढाई संपली की पाच सेकंदांत आपला चढाईपटू निघायला हवा. त्या पाच सेकंदांत कोणाला पाठवायचं, कशासाठी पाठवायचं आणि उरलेल्यांनी परतताना कुठे उभं राहायचं, हे सगळं त्याने ठरवायचं असतं. तेवढ्या वेळात टक्केवारी आठवत नाही. आठवतं ते डोळ्यांना दिसणारं: आपले किती आत आहेत, समोर किती आहेत, ही पहिली चढाई आहे की दुसरी की तिसरी. म्हणून माझ्या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ अशा दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरू होते. ज्या आकड्याला मैदानात दिसणारी खूण नाही, तो माझ्या वहीत राहतो. दुसऱ्या डावात शेवटच्या आठ मिनिटांत आमच्या पकडी सैल पडतात हे मला ठाऊक आहे, पण ते कर्णधाराला सांगून काय होणार? ते सोमवारच्या सरावाचं काम आहे आणि ते मी सोमवारीच करतो.

उपांत्य सामन्याआधीची चिठ्ठी सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा खरा प्रश्न त्याच चिठ्ठीबद्दल आहे: आकड्यांपायी मी एका मुरलेल्या खेळाडूचा मान काढला का?

चार सामन्यांत आमच्यावर तिसऱ्या चढाईची वेळ २६ वेळा आली. सलग दोन चढाया गुणाविना रिकाम्या गेल्या की तिसरीत रिकामं परतता येत नाही, गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. त्या २६ पैकी ९ वेळा गुण मिळाला, १७ वेळा आमचा माणूस गेला. यातल्या १५ चढाया कर्णधाराने स्वतः घेतल्या होत्या आणि ११ वेळा तोच पकडला गेला. लोक म्हणाले, तिसरी चढाई सुधारा. मी व्हिडिओ मागे नेत गेलो तेव्हा रोग एक चढाई आधी दिसला. पहिली रिकामी गेली की दुसरीला आमचा मुलगा चढाई वैध ठरण्यापुरती निदान रेषा ओलांडून पंधरा सेकंदांत परत यायचा, जणू त्याला तिसरीची वाटच बघायची होती. मग कर्णधार, आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू, अशा वेळी आत जायचा जेव्हा समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं की हा आता खोल येणारच. तो पकडला गेला की नुकसान एका गुणाचं नसतं. तो पुन्हा आत येईपर्यंत आमच्या चढायाच बोथट होतात.

म्हणून पहिली ओळ: "आपले पाच किंवा जास्त आत, पहिली रिकामी, समोर सहा किंवा सात: दुसरी चढाई बोनससाठीच. तरीही तिसरी आलीच तर ती तू घ्यायची नाहीस."

बोनसला, म्हणजे खोलवरची बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या गुणाला, समोर किमान सहा जण लागतात, म्हणून ती अट. बोनसचा गुण मिळाला की रिकाम्या चढायांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पण बोनसने आपला बाद झालेला खेळाडू आत येत नाही, त्यासाठी स्पर्श किंवा पकड लागते. आपले चारच आत असताना बोनसच्या मागे लागलो तर फलक हलतो आणि माणसं तेवढीच राहतात. "पाच किंवा जास्त" हे शब्द त्यासाठी आहेत. कर्णधाराने ही ओळ वाचून एवढंच विचारलं, "तिसरी कोण घेणार?" धाकटा चढाईपटू घेईल म्हटलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने मान डोलावली.

तिसरी ओळ आधी उरकतो. आमच्यावर पाच लोण चढले होते, म्हणजे पाच वेळा आमचा सगळा संघ बाद झाला होता, आणि त्यातल्या चारांत आमचे तीन उरले असताना आमचा चढाईपटूच घाईने गुण आणायला जाऊन अडकला होता. तीन उरले की समोरच्याला पकडल्यास अव्वल पकडीचा एक गुण जास्त मिळतो, म्हणजे तेव्हा आपली ताकद पकडीत असते. म्हणून लिहिलं: "आपले तीन उरले: आपली चढाई पूर्ण तीस सेकंद, रिकामी चालेल. त्यांची तिसरी येईल तेव्हा पकडायचं." याला मर्यादा आहे. त्यांच्या तिसरीआधी आपलीच तिसरी येत असेल, किंवा आपण मागे असून शेवटची काही मिनिटं राहिली असतील, तर ही ओळ उपयोगाची नाही. आणि ती पहिल्या ओळीच्या उलट आहे हेही खरं. एकीकडे रिकामं परतू नको, दुसरीकडे रिकामं परत. "पाच" आणि "तीन" हे आकडे ओळींच्या सुरुवातीला नसते तर कर्णधार गोंधळला असता. चार असताना काय, हे मी मुद्दाम त्याच्यावर सोडलं. चौथी ओळ लिहिली की ती आधीच्या तीनपैकी एकीशी भांडायला लागते, हा माझा अनुभव आहे.

आता दुसरी ओळ.

आमचा उजवा कॉर्नर, म्हणजे बचावाच्या उजव्या टोकाला उभा राहणारा, संघातला सगळ्यात जुना खेळाडू. वागळे इस्टेटमधली पाळी संपवून थेट सरावाला येणारा, मॅट नव्हती तेव्हा मातीत गुडघे फोडलेला. घोटा पकडण्यात त्याच्याइतका हात आमच्याकडे कोणाचा नाही. चार सामन्यांत त्याने ३१ वेळा पकडीचा प्रयत्न केला होता आणि ११ जमल्या होत्या. एवढ्यावरून काही कळत नाही. मी त्या चढाईच्या वेळेनुसार दोन ढिगांत टाकल्या. चढाई सुरू झाल्यापासून पहिल्या दहा सेकंदांत त्याने १६ वेळा झेप घेतली होती, त्यात २ पकडी. दहा सेकंदांनंतर १५ वेळा, त्यात ९. चढाईपटू ताजा असताना, त्याचं वजन मागच्या पायावर असताना, हा पुढे झेपावत होता आणि स्पर्श देऊन बसत होता.

मी चिठ्ठीत लिहिलं: "उजव्या कॉर्नरने पहिल्या दहा सेकंदांत झेप घ्यायची नाही."

शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी कर्णधाराला दिली. त्याने ती किटबॅगच्या कप्प्यात ठेवली, आणि पट्टी काढायला हात घातलेल्या उजव्या कॉर्नरच्या ती हाती लागली. तो ओरडला नाही. सराव संपला, मुलं मॅटच्या गुंडाळ्या करत होती, तेव्हा जवळ येऊन म्हणाला, "सर, हे मला सांगायचं होतं ना. कागदावर कशाला?" मी म्हटलं, तुला सांगणारच होतो. तो म्हणाला, "त्या सोळांत कव्हर किती वेळा माझ्या मागे होता, ते लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. कव्हर म्हणजे कॉर्नरच्या मदतीला येणारा बचावपटू, आणि वहीत त्याचा रकानाच नव्हता. आम्ही तिथेच, भिंतीला टेकून, फोनवर सोळाच्या सोळा चढाया पाहिल्या. प्रत्येक वेळी तो बोट ठेवून थांबवायचा: "आता बघा कव्हरचा पाय." पाच वेळा तो बरोबर होता. त्याने घोटा धरला होता, चढाईपटू डगमगला होता, आणि उजवा कव्हर जागेवरच उभा होता. साखळी आलीच नाही. उरलेल्या अकरांत दोन पकडी जमल्या होत्या, बाकी नऊ वेळा मात्र कव्हरला यायला वेळच नव्हता, झेपच लवकर होती. तेही त्याने पाहिलं. बोलला काहीच नाही.

तुमच्यापैकी काहींचं म्हणणं आहे की मी आकड्यांपायी एका मुरलेल्या खेळाडूचा मान काढला. मला ते मान्य नाही. सोळात दोन हे मी तयार केलेलं नव्हतं, ते घडलेलं होतं. पण त्या आकड्यात दोन माणसांचं काम होतं आणि ओळीत नाव एकाचंच होतं, हे त्याचं म्हणणं मला तेव्हाही खोडता आलं नाही, आजही येत नाही. मी पूर्वी ठामपणे म्हणायचो की पकड ज्याने सुरू केली त्याच्या खात्यात ती लिहायची, बाकी सगळ्या सबबी. आज तसं म्हणवत नाही, आणि दुसरी सोपी पद्धतही माझ्याकडे नाही. साखळीतल्या चौघांत गुण कसा वाटायचा?

ओळ त्याच्यासमोर बदलली: "उजव्या बाजूला: कव्हर हललेला दिसला तरच घोटा. त्यांची तिसरी चढाई असेल तर कॉर्नरने स्वतः ठरवावं." दहा सेकंद ही अट काढली, कारण मैदानात कोणी घड्याळ बघत नाही, कव्हरचा पाय मात्र शेजारी दिसतो. तिसऱ्या चढाईत समोरच्याला आत यावंच लागतं, तिथे त्याच्या अनुभवाला बांधून ठेवणं मला पटत नव्हतं.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. तिसऱ्या चढाईची वेळ तीनदाच आली, लोण एकच चढला. उजव्या कॉर्नरने चार पकडी केल्या, त्यातल्या दोन त्यांच्या तिसऱ्या चढाईत. आणि शेवटच्या मिनिटात तो कव्हरची वाट बघत थांबला, चढाईपटू बोटभर अंतराने त्याच्यासमोरून निसटून मध्य रेषेवर पडला. ती झेप त्याने घेतली असती तर? बरेच जण मला तेवढंच ऐकवतात. घेतली असती तर पकड झाली असती किंवा स्पर्शाचा गुण गेला असता. मी ती चढाई पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि कव्हर तिथे उशिरा पोचतो, एवढंच नक्की सांगू शकतो. एका सामन्यावरून चिठ्ठी बरोबर ठरत नाही, चुकीचीही नाही.

वहीत आता कव्हरचा रकाना आहे. सामना नसतो तेव्हा तो रकाना उजवा कॉर्नर भरतो आणि माझ्याशी वाद घालतो: पाय हलला म्हणजे टाच उचलली की पाऊल पडलं? रविवारी समोर जो संघ आहे त्याचा मुख्य चढाईपटू पहिल्या पाच सेकंदांतच कॉर्नरवर हात टाकून पळतो. कव्हरची वाट बघायची अट त्याच्यासमोर टिकेल असं उजव्या कॉर्नरला वाटत नाही, कर्णधाराला वाटतं. पहिली आणि तिसरी ओळ लिहून झाली आहे. दुसरीसाठी शुक्रवारपर्यंत वेळ आहे.