मराठी पडद्यावरचे दिरहम

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी दोन महिन्यांसाठी दुबईला बहिणीकडे गेले होते. माझा जुना फोन तिथे पोहोचताच बिघडला, म्हणून भाच्याने नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिला. जुन्या खात्याचा पासवर्ड मला आठवत नव्हता, त्यामुळे त्याने माझ्या नावाने गूगलचे नवे खातेही तिथेच उघडले. मी सकाळी कीर्तने आणि अभंग ऐकते आणि मध्येच येणाऱ्या जाहिरातींनी वैतागते, हे त्याला ठाऊक होते. त्याने आपले तिथले कार्ड घालून यूट्यूब प्रीमियम सुरू करून दिले. काम पाच मिनिटांत झाले आणि मला फार बरे वाटले. पुढचा सगळा गुंता त्या पाच मिनिटांत बांधला गेला होता, हे मला साताऱ्यात परतल्यावर मे महिन्यात कळले.

शाहूपुरीतल्या घरी आल्यावर मी पहिले काम हाती घेतले ते बँकेचे अॅप फोनवर घेण्याचे, कारण माझे निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होते. प्ले स्टोअरमध्ये नाव लिहून शोधले तर अॅप दिसलेच नाही. बँकेच्या संकेतस्थळावरील दुव्यावरून गेले, तेव्हा ते आपल्या देशात उपलब्ध नाही असा संदेश आला. साताऱ्यात बसून, भारतातल्या बँकेचे अॅप भारतात उपलब्ध नाही असे वाचताना मी अक्षरशः गोंधळले. नंतर लक्षात आले की तिथल्या सगळ्या सशुल्क अॅपच्या किमतींपुढे AED लिहिलेले आहे, म्हणजे त्या दिरहममध्ये आहेत. काही संकेतस्थळांवरच्या जाहिराती अरबीत येत होत्या.

अरबी अक्षरे दिसल्यामुळे मला वाटले की दोष भाषेचा आहे. मी फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा मराठी केली. मग myaccount.google.com/language येथे जाऊन खात्याची भाषाही मराठी केली आणि आपोआप जोडली गेलेली अरबी काढून टाकली. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ठिकाणाचा एक पर्याय असतो, तिथे भारत निवडला. दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर सूचना, बटणे, शीर्षके असे सारे काही सुंदर मराठीत होते, आणि त्या मराठी मजकुराच्या मधोमध किमती मात्र दिरहममध्येच होत्या. बँकेचे अॅप तर अजूनही दिसत नव्हते.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, भाषा आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा बदलली की फक्त अक्षरे बदलतात." त्याने समजावून सांगितलेले मी वहीत उतरवून घेतले होते. फोनची भाषा, खात्याची भाषा आणि यूट्यूबमधले ठिकाण यांचा किमतीशी काही संबंध नसतो. यूट्यूबमधल्या ठिकाणामुळे फार तर समोर येणाऱ्या व्हिडिओंची निवड बदलते. प्ले स्टोअरमध्ये तुम्ही कोणत्या देशाचे आहात हे ठरते ते खात्याला जोडलेल्या पेमेंट प्रोफाइलवरून, म्हणजे देश, पत्ता आणि पैसे भरण्याचे साधन यांच्या नोंदीवरून. त्याने आपले तिथले कार्ड घातले त्या क्षणी माझ्या खात्याचे पेमेंट प्रोफाइल संयुक्त अरब अमिरातीचे झाले होते. कोणते अॅप कोणत्या देशांत द्यायचे हे ते बनवणारी संस्था ठरवते. आपल्याकडच्या अनेक बँका आपली अॅप भारतापुरतीच ठेवतात, म्हणून मला दुबईची ग्राहक समजणारे हे प्ले स्टोअरचे दुकान माझ्याच बँकेचे अॅप माझ्यापासून लपवत होते.

त्याच आठवड्यात भाच्याने आपले नेटफ्लिक्सचे खाते माझ्या फोनवर काही दिवस उघडून दिले होते, त्यावरून हा भेद मला आणखी स्पष्ट झाला. त्या खात्याचे पैसे दुबईत दिरहममध्येच कापले जात होते, पण साताऱ्यात मला दिसणारी चित्रपटांची यादी भारताची होती. तिथे किंमत खाते उघडलेल्या देशाची आणि यादी तुम्ही बसला असाल त्या देशाची असते. प्ले स्टोअरमध्ये मात्र किंमत आणि अॅपची उपलब्धता या दोन्ही गोष्टी एकाच प्रोफाइलला बांधलेल्या असतात. त्यामुळे मी साताऱ्यात येऊन महिना झाला तरी तिथे आपोआप काहीही बदलले नव्हते.

शेजारच्या एका मुलाने बँकेच्या अॅपची फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ती थेट फोनवर बसवा, असे सुचवले. त्याचा हेतू चांगला होता, तरी मी स्पष्ट नकार दिला. ती फाइल खरोखर बँकेचीच आहे हे तपासण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते, आणि ज्या अॅपमध्ये मी पिन टाकणार ते अशा वाटेने घेणे म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवण्यासारखे होते. ज्यांना बँकेचे अॅप तातडीने हवे असेल त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग वेगळा आहे. त्याच फोनवर भारतात नवे गूगल खाते उघडावे आणि प्ले स्टोअरमध्ये त्या खात्यावर जाऊन अॅप घ्यावे. माझी छायाचित्रे, संपर्क आणि पत्रव्यवहार हे सारे मात्र दुबईतल्या खात्यात साठले होते, आणि बँकेलाही मी तोच ईमेल पत्ता कळवला होता. म्हणून मी त्याच खात्याचा देश बदलायचे ठरवले.

पेमेंट प्रोफाइलचा देश दुरुस्त करता येत नाही. नव्या देशाचे दुसरे प्रोफाइल तयार करावे लागते, त्यासाठी आपण प्रत्यक्ष त्या देशात असावे लागते आणि पैसे भरण्याचे साधनही त्याच देशाचे लागते. भाच्याला फोनवर पायऱ्या सांगणे सोपे जावे म्हणून मी भाषा तात्पुरती इंग्रजी केली. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वरच्या चित्रावर बोट ठेवून पुढील वाटेने जायचे होते.

```
Settings > General > Account and device preferences > Country and profiles
```

तिथे अमिरातीचे नाव होते आणि त्याखाली भारतात बदलण्याचा पर्याय असायला हवा होता, पण तो नव्हता. आम्ही दोन संध्याकाळी यातच घालवल्या. फोन बंद करून चालू केला, वायफाय सोडून मोबाइलचे इंटरनेट वापरले, तरी उपयोग झाला नाही. शेवटी भाच्याने विचारले, "वरच्या पट्टीत किल्लीसारखे चिन्ह दिसते का?" ते दिसत होते. दुबईत असताना त्याने फोनवर व्हीपीएन बसवले होते आणि ते फोन सुरू होताच आपोआप चालू होत असे. त्यामुळे माझे इंटरनेट परदेशातून येत आहे असे दुकानाला दिसत होते, आणि मी भारतात आहे याची त्याला खात्री पटत नव्हती. व्हीपीएन काढून टाकले, प्ले स्टोअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडले आणि पर्याय दिसला. ज्यांना हा पर्याय दिसत नाही त्यांनी सर्वांत आधी हे चिन्ह पाहावे. दुसरे कारण असे असू शकते की वर्षभरात आधीच एकदा देश बदललेला आहे, कारण हा बदल वर्षातून एकदाच करता येतो.

पुढची अडचण मला अपेक्षित नव्हती. यूपीआयने पैसे भरावे असे वाटले, पण मी यूपीआय बँकेच्या अॅपमधूनच वापरत असे, आणि ते मिळावे म्हणूनच तर ही सारी धडपड चालली होती. म्हणून डेबिट कार्डाचा क्रमांक घातला, आणि तो नाकारला गेला. कार्ड चालू होते, खात्यात पैसे होते, एटीएमवर ते रोज चालत होते. दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळच्या शाखेत गेले, तेव्हा तिथल्या ताईंनी कारण सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 16 मार्च 2020 पासून नवे कार्ड केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांसाठी चालू करून दिले जाते. ऑनलाइन वापर आणि परदेशी वापर हे दोन्ही ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. माझे कार्ड 2022 मध्ये बदलून मिळाले होते आणि मी ते ऑनलाइन कधी वापरलेच नव्हते.

त्यांनी विचारले, "काकू, परदेशी व्यवहारही सुरू करून देऊ का?" मी क्षणभर थांबले. ते सुरू केले असते तर कदाचित माझे कार्ड जुन्या, दिरहमच्या प्रोफाइलवरही चालले असते. परंतु मग मी प्रत्येक महिन्याला दिरहममधली किंमत आणि त्यावर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क भरत राहिले असते, आणि बँकेचे अॅप तरीही दिसले नसते. म्हणून मी फक्त देशांतर्गत ऑनलाइन वापर सुरू करून घेतला आणि त्याची मर्यादा कमी ठेवायला सांगितली.

घरी येऊन पुन्हा त्याच वाटेने गेले, साताऱ्याचा पत्ता व पिन कोड लिहिला, कार्डाचा क्रमांक घातला, ओटीपी आला आणि भारताचे प्रोफाइल तयार झाले. बदल दिसायला 48 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मला दुसऱ्या दिवशी दुपारी किमतींपुढे ₹ दिसले आणि शोधताच बँकेचे अॅप पहिल्या ओळीत आले. ते उघडून निवृत्तिवेतनाची नोंद पाहिली, तेव्हा कितीतरी दिवसांचा ताण उतरला.

यूट्यूब प्रीमियम मात्र अजूनही भाच्याच्या कार्डावरून दिरहममध्येच कापले जात होते. सदस्यत्व ज्या देशात घेतले त्या देशाच्या दराने ते चालू राहते, दुकानाचा देश बदलल्याने ते बदलत नाही. भारतात त्या वेळी एका व्यक्तीसाठी महिन्याला ₹149 दर होता, आणि भाचा भरत असलेली दिरहममधली रक्कम रुपयांत मांडली तर ती याच्या तिपटीहून अधिक होत होती. मी सदस्यत्व रद्द केले. भरलेला महिना संपेपर्यंत ते चालू राहिले, आणि तो संपल्यावर मी रुपयांत पुन्हा सदस्य झाले. मधल्या दोन दिवसांत जाहिराती ऐकाव्या लागल्या, एवढेच.

जुने प्रोफाइल आपोआप नाहीसे झालेले नव्हते. payments.google.com येथे आता दोन प्रोफाइल दिसत होती, आणि अमिरातीच्या प्रोफाइलमध्ये भाच्याचे कार्ड तसेच होते. सदस्यत्वाचा शेवटचा महिना संपल्यानंतरच आम्ही ते कार्ड काढले. प्ले स्टोअरच्या गिफ्ट कार्डाची शिल्लक जुन्या देशात असती, तर तीही भारतात वापरता आली नसती. सुदैवाने माझ्याकडे तशी काही नव्हती.

या डिसेंबरमध्ये मी पुन्हा बहिणीकडे जाणार आहे. तिथे पोहोचल्यावर देश बदलण्याचा पर्याय मला पुन्हा दिसेल, कारण मी तेव्हा खरोखरच अमिरातीत असेन. भाच्याला मी आताच सांगून ठेवले आहे की त्याला हात लावायचा नाही. एकदा बदलला तर वर्षभर परत फिरवता येणार नाही, आणि मी जानेवारीत साताऱ्यात परत येणार आहे.