तुम्ही विचारलंत म्हणून: 'पत्ता'मधल्या 'प'च्या दोन मात्रा

"ताई, 'पत्ता'मधला 'प' तर ऱ्हस्वच आहे ना? मग त्याच्या दोन मात्रा कशा काय मोजता?"

त्या दोन मात्रा 'प'च्या नाहीतच, 'पत्' या तुकड्याच्या आहेत. लिहिताना आपण 'प' आणि 'त्ता' अशी दोन अक्षरं काढतो, पण तोंड हा शब्द पत्-ता असा तोडतं. पहिल्या तुकड्यात एक मात्रा 'अ' या स्वराची आणि दुसरी त्याच्यामागे अडवून धरलेल्या 'त्'ची. ऱ्हस्व-दीर्घ हा स्वराचा गुण, तर लघु-गुरू हा अख्ख्या उच्चाराच्या तुकड्याचा: एका मात्रेचा तुकडा लघु, दोन मात्रांचा गुरू. म्हणून ऱ्हस्व स्वर असलेला तुकडा गुरू असू शकतो, त्यात विसंगती काही नाही.

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी मी मुलांना वृत्तं शिकवते, आणि हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त विचारतात. त्यांना शाळेत शिकवलेलं असतं की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. नियम खोटा नाही, पण तो डोळ्यांनी पाठ केलेला असतो. मी आधी तोंडाकडे लक्ष द्यायला सांगते. 'मका' म्हणा, मग 'मक्का' म्हणा. दोन्हींत जिभेचा मागचा भाग एकदाच वर टेकतो आणि एकदाच सुटतो. 'मक्का'त 'क' दोनदा उच्चारला जात नाही. जीभ टेकलेली राहते, हवा मागे कोंडते, आणि मग ती सुटते. हे थांबणंच मोजायचं असतं.

ज्यांना कानांवर भरवसा नाही त्यांना मी संगणकावर दाखवते. Praat नावाचा आवाज तपासायचा प्रोग्रॅम आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी केलेला, फुकट मिळतो. त्यात 'मका' आणि 'मक्का' रेकॉर्ड केले की लाटांच्या मध्ये एक सपाट पट्टी दिसते. जीभ टेकलेली असतानाची ती शांतता. 'मक्का'तली पट्टी 'मका'तल्या पट्टीच्या दुपटीच्या आसपास भरते. घाईत बोललं तर दोन्ही आखडतात, म्हणून सेकंद पाहायचे नसतात, एकाच माणसाने एकाच वेगात म्हटलेल्या दोन शब्दांचं प्रमाण पाहायचं. आणि एक गोष्ट मुद्दाम बघावी: 'मक्का'तला पहिला 'अ' लांबलेला नसतो. वजन वाढलंय ते व्यंजनामुळे, स्वर आहे तेवढाच आहे.

द्वित्त म्हणजे एकच लांबवलेलं व्यंजन, याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा 'अठ्ठावीस'मध्ये आहे. लिहितो आपण ठ-ला-ठ, पण सावकाश म्हणून बघा: अट्-ठावीस. पहिला भाग 'ट्' येतो. 'ठ'मधला ह-कार हवा सुटताना बाहेर पडतो, आणि हवा सुटते एकदाच, शेवटी. म्हणून महाप्राण व्यंजन लांबवलं की त्याचा पहिला अर्धा भाग अल्पप्राणच ऐकू येतो. दोन वेगळे 'ठ' असते तर ह-कारही दोनदा आला असता.

आता शाळेतल्या नियमाकडे येते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या पादात तीन छोटी सूत्रं ओळीने दिली आहेत: ऱ्हस्व ते लघु, संयोगापूर्वी म्हणजे जोडाक्षराआधी गुरू, आणि दीर्घही गुरू. संस्कृतात हे चोख बसतं, कारण तिथे शब्दाच्या मधलं जोडाक्षर तोंडात फुटतंच. मराठीत मात्र सगळी जोडाक्षरं फुटत नाहीत. 'तुझ्या' हा शब्द तु-झ्या असाच तुटतो. 'झ्य' सगळाच्या सगळा पुढच्या तुकड्यात जातो आणि 'तु' लघु राहतो. 'विद्या' मात्र विद्-द्या होतो, 'द' लांबतो, 'वि'ला टेकू मिळतो आणि तो तुकडा गुरू होतो. कागदावर दोन्हीकडे य-चं जोडाक्षरच दिसतं. आपल्या लिपीने एका ठिकाणी तरी हा भेद जपलाय, याचं मला फार कौतुक वाटतं: 'दर्या' आणि 'दऱ्या'. समुद्र तो दर्-या, चार मात्रा. डोंगरातल्या त्या द-ऱ्या, तीन मात्रा. व्यंजनं तीच आणि स्वरही तेच, फरक फक्त 'र' कोणत्या तुकड्यात बसतो एवढाच. तुकड्याच्या शेवटी बसलेल्या व्यंजनाला मात्रा मिळते. सुरुवातीला कितीही व्यंजनं दाटीवाटीने बसवा, वजन तिळभरही वाढत नाही.

वर्गात हे पटवायला मी एक ओळ केली आहे, भुजंगप्रयातात:

न पत्ता न वाटा, न गल्ली न ओटा

लघु-गुरू-गुरू, असं चार वेळा. न-पत्-ता, न-वा-टा, न-गल्-ली, न-ओ-टा. ओळीच्या वीस मात्रा. यातला 'पत्' आणि 'वा' शेजारीशेजारी ठेवून पाहा. एकात ऱ्हस्व स्वर आणि थांबलेलं व्यंजन, दुसऱ्यात नुसता दीर्घ स्वर, पण वृत्ताला दोन्ही सारखेच चालतात. आमच्या इंदुरात मुलं दिवसभर हिंदी बोलतात, त्यामुळे ओळ म्हणताना 'न पता न वाटा' असं हमखास येतं. लगेच ओळ अडखळते. न-प-ता मध्ये दोन लघु लागोपाठ आले, एकोणीस मात्रा उरल्या. ज्यांना गणांची नावंही माहीत नाहीत अशी मुलंसुद्धा तिथे थबकतात आणि टाळी चुकली म्हणतात. मग कुणीतरी 'पता'चा 'पताऽ' करून मात्रा भरून काढायला बघतं, पण ती भर चुकीच्या जागी पडते, कारण 'ता' आधीच गुरू आहे. उणीव पहिल्या तुकड्यात आहे, ती तिथेच भरायला हवी: 'पत्' म्हणून, नाहीतर 'पा' म्हणून.

हे 'पत्' नाहीतर 'पा' मी सहज म्हटलं नाही. आपल्या भाषेने स्वतः शेकडो शब्दांत हीच अदलाबदल केली आहे. संस्कृत सप्त, प्राकृतात सत्त, मराठीत सात. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. दुग्ध, दुद्ध, दूध. अद्य, अज्ज, आज. पहिल्या पायरीवर दोन वेगळी व्यंजनं एकसारखी झाली, पण थांबणं तेवढंच राहिलं. दुसऱ्या पायरीवर ते लांब व्यंजन आखडून एकेरी झालं, आणि त्याच क्षणी आधीचा स्वर लांबला. सप्-, सत्-, सा-: तिन्ही वेळा दोन मात्रा. मात्रा व्यंजनाकडून सुटली आणि स्वराने उचलली.

हे नुसतं आकड्यांचं जुळवणं नाही कशावरून, असं एका वडिलांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 'र' देतो. 'पुत्र'मधला 'र' गेला तेव्हा 'पुत्त' झालं आणि पुढे 'पूत'. 'प्रिय'मधलाही 'र' गेला, पण प्राकृतात झालं नुसतं 'पिय'. ना व्यंजन दुणावलं, ना स्वर लांबला. 'प्रथम'चंही तसंच, 'पढम'. शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'कडे मात्रा नव्हतीच, मग तो गेल्यावर मागे काय राहणार? 1989 साली ब्रूस हेज या भाषाशास्त्रज्ञाने हीच गोष्ट अनेक भाषांतून मांडली: स्वर भरपाई म्हणून लांबतो तो मात्रा असलेलं व्यंजन गळाल्यावर, तुकड्याच्या आरंभीचं व्यंजन गळाल्यावर सहसा नाही. द्वित्त व्यंजनाची व्याख्याही तो मात्रेवरूनच करतो, ज्या व्यंजनाकडे स्वतःची मात्रा आहे ते. मला हे लेखन पाणिनीच्या सूत्रांशेजारी ठेवून वाचायला आवडतं.

पण मात्रा कधी हरवतच नाही असं मात्र समजू नका. इंदुरात हे ऐकायला लांब जावं लागत नाही. पंजाबी शेजारी अजून सत्त, अट्ठ, हत्थ, कन्न म्हणतात. त्यांनी दुसरी पायरी चढलीच नाही, मात्रा व्यंजनाकडेच आहे. आणि फाळणीनंतर इथे आलेल्या सिंधी घरांत विचारलंत तर सत, अठ, हथ, कन. व्यंजन एकेरी झालं आणि स्वरही ऱ्हस्वच राहिला. सिंधीत अशा शब्दांच्या शेवटी पूर्वापार एक बारीक स्वर उच्चारतात, त्यामुळे 'त' त्या स्वराबरोबर जातो आणि 'स' एकाच मात्रेचा उरतो. एकाच प्राकृत शब्दाचे तीन वारस: एकाने व्यंजन सांभाळलं, एकाने नुसतं वजन सांभाळलं, तिसऱ्याने दोन्ही सोडलं. भरपाई ही सवय आहे, सक्ती नव्हे. आणि मराठीतही ती सगळीकडे झाली नाही: सात म्हणणारे आपणच सत्तावीस आणि सत्तर म्हणतो, हत्तीला हाती म्हणत नाही, आणि इथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत रोज जाऊनही त्या 'छप्पन'चं 'छापन' कुणी केलेलं नाही.

आजचं द्वित्त मात्र सगळं जुन्या ठेवणीतलं नाही, आपण ते रोज नवंही करतो. 'किती' सुंदर म्हणून समाधान होत नाही, तेव्हा 'कित्ती' सुंदर म्हणतो. अजिबातचं अज्जिबात, मुळीचचं मुळ्ळीच, असंचं अस्सं. जोर द्यायचा म्हणून पहिल्या लघु तुकड्याला एक मात्रा जास्तीची देतो, आणि ती व्यंजनाकडून देतो. मुलांच्या कवितांत 'किती' जिथे गुरूच्या जागी अडकतो तिथे ती मला विचारतात, 'कित्ती' लिहिलं तर चालेल का? मी ओळ मोठ्याने म्हणून बघायला सांगते. त्या जागी बोलतानाही तोंडून 'कित्ती'च आलं असतं, तर लिहावं. नसतं आलं, तर शब्द बदलावा. मात्रा भरली तरी तो जोर तिथे उपरा वाटतो, आणि ऐकणाऱ्याला तो खुपतो.