काटा नाचत होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं

मी पालिकेच्या एका हॉस्पिटलमधे स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली, बीपी किती जणांचं घेतलं असेल याचा हिशोबच नाही. त्यामुळे बीपी चुकीचं घेतलं असं कोणी म्हटलं तर आधी रागच येतो. त्या दिवशी पण आला. आणि चुकलेली मीच होते, म्हणून लिहितेय.

लालबागला एका चाळीत मंडळाचं आरोग्य शिबिर होतं, रविवार सकाळ. मी, दोन नर्सिंगच्या पोरी आणि एक डॉक्टर. तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत टेबलं टाकलेली, बाहेर गॅलरीत म्हातारे कोतारे खुर्च्यांवर रांगेत. साडेअकराच्या सुमारास एक काका आले, वय ७४, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, सोबत मुलगा. मुलाच्या हातात पिशवीत डिजिटल मशीन. तो म्हणाला, सिस्टर हे मशीन बिघडलंय का बघा ना, बाबांचं कधी २०४ दाखवतं कधी २०९, आणि दवाखान्यात नेलं की १४८, १५० च्या वर कधी येतच नाही. कार्ड दाखवलं. खरंच, तीन महिन्यांत तीन वेळा, १४८/९२, १५०/९४, १५०/९०. गोळी एकच, रोज पाच एमजीची.

मी मनात म्हटलं, झालं, अजून एक डिजिटलवाला. ही मशीनं लोक आणतात, पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधतात, घेताना टीव्ही बघत गप्पा मारतात आणि आकडा वाढला की घाबरून आमच्याकडे येतात. म्हटलं काका बसा, पाठ टेका, पाय खाली सरळ, एकावर एक नको, पाच मिनिटं बोलायचं नाही. बाही वर केली, हात टेबलावर ठेवला, छातीच्या उंचीला. पट्टा कोपराच्या वर दोन बोटं सोडून बांधला, स्टेथो लावला, आणि फुस फुस फुस करून १८० पर्यंत हवा भरली. सगळ्यांची तेवढीच भरते, सवय. मग हळूहळू सोडायला लागले. शांत. शांत. १५० ला पहिला ठोका, ९६ ला बंद. मी लिहिलं १५०/९६ आणि मुलाला सांगून टाकलं, तुमचं मशीन गेलंय, बदलून घ्या.

काका उठले नाहीत. डायलकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, तुम्ही १८० वर होता ना, तेव्हाच काटा नाचत होता."

मी म्हटलं, काका, तो थोडा हलतो.

"थोडा नाय. मी गिरणीत बॉयलरवर होतो. काटा असा ठेक्यात नाचतो म्हणजे आत काहीतरी मारतंय. आणि माझ्या हातात पण ठण ठण चाललेलं, तुम्हाला ऐकू नाही आलं का?"

पोरी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण पोटात एकदम खड्डा पडला.

आता हे का, ते समजायला बीपी घेताना आपण ऐकतो काय ते बघायला हवं. चाळीत नळाला प्लास्टिकचा पाईप लावून पिंप भरताना पाईपवर पाय दिलाय ना कधी? पूर्ण दाबला की पाणी बंद, आवाज बंद. पाय जरा सैल केला की चिंचोळ्या जागेतून पाणी फसफसत जातं, पाईप थरथरतो, आवाज येतो. पाय पूर्ण काढला की पाणी गुपचूप वाहतं. दंडाच्या पट्ट्याने आपण धमनीवर तोच पाय ठेवतो. पट्ट्यातला दाब रक्ताच्या दाबापेक्षा जास्त असला की धमनी चपटी, रक्त जात नाही, आवाज नाही. हवा सोडत गेलं की एक क्षण असा येतो की हृदय आकुंचन पावून जोर लावतं तेव्हा, फक्त त्या धक्क्याच्या टोकाला, थोडं रक्त पट्ट्याखालून निसटतं आणि धमनी पुन्हा मिटते. तो पहिला ठक्. त्या वेळचा काट्याचा आकडा म्हणजे वरचं बीपी, हृदयाच्या धक्क्याचा सगळ्यात जास्त जोर. पुढे दर ठोक्याला धमनी उघडते मिटते, ठक् ठक् चालू राहतं. मग पट्ट्यातला दाब इतका उतरतो की हृदय दोन ठोक्यांच्या मधे विश्रांती घेत असतानासुद्धा धमनी मिटत नाही, रक्त अखंड वाहतं, आवाज संपतो. तो आकडा खालचा. हृदय सैल पडलं तरी दाब शून्यावर येत नाही, कारण धक्क्याने ताणलेली मोठी धमनी आवळत पुढे ढकलत राहते आणि पुढच्या बारीक नळ्या अडवून धरतात. लोक खालच्या आकड्याला कमी महत्त्वाचा समजतात, नाव खालचं म्हणून असेल.

हे आवाज ऐकायचं डोकं कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनचं, १९०५ सालचं. त्याच्या आधी इटलीतल्या रिव्हा-रोचीने १८९६ ला पट्टा आणला होता, पण तो स्टेथो लावत नव्हता, मनगटावरची नाडी बोटाने धरायचा, नाडी कुठे गायब होते ते बघायचा. शिकताना आम्हाला दोन्ही शिकवलेलं, आधी नाडीने अंदाज घ्या, मग स्टेथो. पहिली पायरी मी कधी सोडून दिली मला आठवतसुद्धा नाही. रांग असते ना बाहेर.

आणि काही माणसांत, विशेषतः वय झालेल्या, धमन्या कडक झालेल्या, जुन्या बीपीवाल्यांत, एक खोडी असते. ठोके वर सुरू होतात, थोडे ऐकू येतात, मग मधेच आवाज गायब, आणि खाली येऊन पुन्हा सुरू. पुस्तकात त्याला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. म्हणजे रक्त जातंय, फक्त ऐकू येत नाहीये. तुम्ही हवा त्या शांत टप्प्यापर्यंतच भरलीत तर तुम्हाला वाटणार धमनी बंद आहे म्हणून शांत आहे, आणि खाली दुसऱ्यांदा आवाज आला की तोच पहिला समजून लिहून मोकळे.

मी काकांना म्हटलं, पुन्हा घेऊ या. एक दोन मिनिटं थांबले, बाहेर लेझीमची प्रॅक्टिस चाललेली ती बंद करायला लावली. स्टेथो गळ्यातच ठेवला, काकांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भरायला घेतलं. १५०, नाडी आहे. १८०, जिथे मी मघाशी थांबले होते तिथे, बोटांखाली नाडी टणटण उडतेय! खरं तर त्याच वेळी सगळं कळलं. पट्टा १८० वर आवळलेला असताना मनगटात रक्त पोचत असेल तर वरचं बीपी १८० च्या खाली असूच शकत नाही. १९०, आहे. २००, बारीक झाली. २०५ च्या आसपास गेली.

सगळी हवा सोडली. मिनिटभर हात मोकळा. मग आता स्टेथो लावून, नाडी गेली त्याच्या तीस वर, म्हणजे २३५ पर्यंत भरली, पटकन, कारण रेंगाळत भरलं तर हातात रक्त साचतं आणि आवाज अजून दबतो. सोडताना सेकंदाला दोन दोन. २०८ ला ठक्. स्वच्छ. ठोके चालले, १८६ ला बंद. पोरीला माझ्या स्टेथोचं एक टोक कानात द्यावंसं वाटत होतं. शांतता, पण काटा दर ठोक्याला उडी मारतोय, काका त्याच्याकडे बघतायत. अठरा सेकंद. १५० ला आवाज परत. ९६ ला संपला.

२०८/९६. मुलाचं मशीन बरोबर होतं.

मशीन बरोबर का आलं, तर ते ऐकतच नाही. त्याला कान नाहीत. धमनीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातली हवा किंचित हलते, ती थरथर ते मोजतं, सगळ्यात मोठी थरथर कुठे येते ते पकडतं आणि त्यावरून वरचा खालचा आकडा आपल्या हिशोबाने काढतं. काका काट्यात जे बघत होते तेच. म्हणून आवाजातली पोकळी त्याला फसवू शकली नाही. नाडी अनियमित असेल तर हेच मशीन वाट्टेल ते दाखवतं, तिथे आमचा कान बरा. आणि नुसता काटा हलला म्हणून बीपी तिथे आहे असंही धरू नका, वरच्या आकड्याच्या थोडा आधीपासूनच तो हलायला लागतो, कारण बंद धमनी पट्ट्याच्या वरच्या कडेला धडका मारतच असते. निकाल मनगटावरच्या बोटाने लावायचा.

दुसऱ्या हाताचं घेतलं, २०४/९६, तिथे पण गॅप. डॉक्टरांना बोलावलं. छातीत दुखणं, दम, डोळ्यापुढे अंधारी, हातापायात कमजोरी, काही नाही. काका म्हणे मी तीन जिने चढून पाणी नेतो. पूर्वी अशा वेळी जिभेखाली कॅप्सूल फोडून द्यायचे, ते आता करत नाहीत, बीपी एकदम कोसळून मेंदूचं रक्त कमी पडू शकतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मेडिसिन ओपीडीला पाठवलं, ईसीजी, लघवी, क्रिएटिनिन, डोळ्याचा पडदा. तिथे दुसरी गोळी जोडली.

मुलाला मी सॉरी म्हटलं. तो बिचारा म्हणाला, मी काल मशीन परत द्यायला दुकानात गेलेलो, बंद होतं.

मला राहून राहून कार्डावरचे ते तीन आकडे आठवत होते. तिन्ही वेळा घेणारी माणसं वेगळी, तिघांनी बहुतेक माझ्यासारखीच १८० पर्यंत भरली असणार, आणि तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून कोणालाच शंका नाही. काकांचा गॅप जागचा हलत नव्हता, त्यामुळे चूक पण दर वेळी सारखीच. मी कार्डावर लाल पेनने लिहिलं: २०८/९६, आवाज १८६ ते १५० गायब, आधी नाडी धरावी.

दीड महिन्याने काका आमच्या ओपीडीत दिसले, १५८/८८ होतं, या वेळी खरं. घेणारी नवी पोरगी होती. तिने पट्टा बांधला आणि थेट स्टेथो कानात घातला, तसा काकांनी हात मागे घेतला आणि कार्ड तिच्यापुढे सरकवलं.