मायक्रोमीटर, 47 दिवस आणि "तात्काळ"

ऑडिटच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ऑडिटर मॅडम लाइन 3 वर थांबल्या, टेबलावरचा मायक्रोमीटर उचलला, उलटा केला आणि स्टिकर बघून शांतपणे म्हणाल्या, "याची कॅलिब्रेशनची तारीख उलटून 47 दिवस झालेत." मी क्वालिटीत आहे, त्यामुळे माझ्या पोटात गोळा. मायनर एनसी, म्हणजे किरकोळ त्रुटीची नोंद, लागला, उत्तराला 30 दिवस मिळाले.

पहिलं उत्तर मी अर्ध्या तासात लिहून टाकलं. मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: मायक्रोमीटर कॅलिब्रेट केला, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. पूर्ण होण्याची तारीख: तात्काळ. तीन दिवसांनी परत आलं. त्यांनी लिहिलं होतं की मायक्रोमीटर कॅलिब्रेट करणं ही नुसती दुरुस्ती झाली, तो वापरात कसा राहिला ते यात कुठेच नाही, आणि "तात्काळ" ही तारीख नसते. राग आला, पण खरं होतं.

मग आधी ISO 9001 चं कलम 7.1.5.2 नीट वाचलं. मापन उपकरण चुकीचं निघालं तर त्याने आधी घेतलेली मापं ग्राह्य आहेत का ते बघा असं त्यात आहे, आणि मी त्याला हातच लावला नव्हता. नशिबाने मायक्रोमीटर पाठवताना लॅबला सांगितलं होतं की अॅडजस्ट करायच्या आधीची रीडिंग द्या, एकदा अॅडजस्ट झाला की आधी तो किती चुकत होता हे कायमचं गेलं. चूक निघाली 0.003 मिमी. त्यावर आम्ही 18 मिमीचा शाफ्ट मोजतो, टॉलरन्स ±0.025. 47 दिवसांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट काढले, लिमिटला सगळ्यात चिकटलेलं रीडिंगसुद्धा 0.006 आत होतं, म्हणजे 0.003 इकडेतिकडे झालं तरी माल लिमिटमध्येच. हे रिपोर्ट जोडले.

आता कारण. कॅलिब्रेशन बघणाऱ्या दादांकडे गेलो आणि म्हटलं, दादा, मार्चमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत ते दाखवा. त्यांनी एक्सेल उघडलं, ड्यू डेटला मार्चचा फिल्टर लावला, यादी घेऊन ते लाइन 2 वर गेले होते. मायक्रोमीटर तिथे नव्हता, कारण लाइन 3 चा पडून खराब झाला म्हणून कुणीतरी हा उचलून तिकडे नेलेला आणि नोंद कुठेच नाही. दादांनी शेऱ्यात प्रामाणिकपणे "सापडला नाही" लिहिलं. मग एप्रिल आला, त्यांनी एप्रिलचा फिल्टर लावला, आणि ही ओळ स्क्रीनवरून गायब. मार्चची ओळ एप्रिलच्या फिल्टरमध्ये कशी दिसणार! मी दोन मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

हे कारण खरं की नुसतं पटणारं, हे तपासायला सोपं होतं. ते खरं असेल तर यादीत असे अजून सापडायला हवेत. फिल्टर काढून उलटलेल्या तारखा शोधल्या तर आणखी दोन निघाले, एक डायल गेज, एक व्हर्नियर, दोघांच्या शेऱ्यात तेच "सापडला नाही". यात ऑपरेटरचा काय दोष, त्याला तर कुणी स्टिकर बघ असं सांगितलेलंही नव्हतं.

उपाय मग आपोआप सुचले. महिन्याच्या फिल्टरऐवजी यादीत एक कॉलम टाकला, ड्यू डेट D मध्ये आहे म्हणून:

```
=D2<=EOMONTH(TODAY(),0)
```

म्हणजे या महिन्यापर्यंतचं सगळं TRUE, मागचं राहिलेलंसुद्धा, नवीन तारीख टाकेपर्यंत हटत नाही. गेज दुसऱ्या लाइनवर न्यायचा तर टूल रूमच्या रजिस्टरमध्ये नोंद. आणि "सापडला नाही" लिहिलं की त्याच दिवशी मला कळवायचं, गेज सापडल्यावर कॅलिब्रेशन होईपर्यंत टूल रूममध्ये कुलूपबंद.

तारखेवरून मात्र साहेबांशी वाजलं. त्यांना 10 दिवस हवे होते, कागदावर चांगलं दिसतं म्हणून. मी म्हटलं साहेब, फॉर्म्युला आजच होईल, पण 214 उपकरणं प्रत्यक्ष शोधून यादीशी जुळवायची आहेत, तेही शिफ्ट बदलताना, कारण तेव्हाच ती मोकळी असतात, त्यात प्रोसिजर बदलून तिन्ही शिफ्टना समजावायची, आणि दिलेली तारीख चुकली नि पुढच्या ऑडिटला हे उघडं सापडलं तर मायनरचा मेजर होऊ शकतो. शेवटी प्रत्येक कामासमोर वेगळी तारीख आणि जबाबदार माणूस लिहिला, सगळ्यात लांबची 30 दिवसांची. उपाय लागू पडला का याची तपासणी त्याहून वेगळी ठेवली, कॅलिब्रेशनच्या तीन मासिक फेऱ्या झाल्यावर, कारण एका फेरीत काहीच कळत नाही, ओळ गळते ती महिना उलटल्यावर.

उत्तर मंजूर झालं. दुसऱ्या फेरीत दादांचा फोन, "एक बोअर गेज मिळत नाहीये, ओळ अजून तशीच दिसतेय." तो एका सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. तिसऱ्या फेरीत मागची एकही ओळ उरली नव्हती, त्या दिवशीची यादी प्रिंट करून क्लोजरला लावली.